तुमचं बरोबर आहे, पण…

मराठीत मत मांडायची सर्वांत सरळ रीत म्हणजे 'माझं मत असं आहे की…' आणि धाराशिव जिल्ह्यातल्या ग्रामसभेत ती वापरणारा माणूस बहुधा बदलीवर आलेला असतो. गावचा माणूस आपलं मत असं उघड्यावर ठेवत नाही. तो म्हणतो, 'मला आपलं वाटतंय.' यातलं 'आपलं' म्हणजे मताखाली सारलेली उशी. मत आपटलंच तर फुटत नाही आणि मागे घ्यायची वेळ आली तर उचलायला सोपं जातं. 'वाटलं म्हणून बोललो' एवढं म्हटलं की प्रकरण मिटतं.

भाषा शिकणाऱ्यांच्या तीन पातळ्या मानतात. पहिलीत माणूस पाणी मागतो, तिसरीत पाण्यावरून भांडतो. मधली पातळी म्हणजे पाण्याच्या टाकीविषयीच्या बैठकीत बसून, कुणाचं मन न मोडता 'इथे नको' म्हणणं. ही पातळी सर्वांत अवघड. 2018 साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत या जिल्ह्याचं नाव आलं आणि टिपणवही घेऊन येणाऱ्या तरुण मंडळींची इथे काही उणीव राहिली नाही. 'कसे आहात', 'चहा झाला का' ही वाक्यं त्यांना पहिल्याच आठवड्यात येतात. सभेत बसल्यावर मात्र प्रत्येक जण प्रत्येकाला 'बरोबर' म्हणत असूनही दोन तासांत काहीच कसं ठरलं नाही, हे कळायला बराच काळ जातो.

सभेचे नियम तसे स्पष्ट आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हवीत. तेवढी नसली तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे काही अनुभवी मंडळी पहिल्या सभेला मुळी येतच नाहीत. कायद्याला दोन सभा घालवायच्या असतील तर आपण एकच घालवावी, असा त्यांचा हिशोब असतो.

एक नेहमीचा प्रसंग घ्यावा. गाव बालाघाटाच्या उतारावर, जुनी वस्ती खाली, नवी वस्ती वर. विषय पाण्याच्या टाकीच्या जागेचा. सरपंच बोलतात, 'टाकी मारुतीच्या देवळामागं घ्यावी आसं मला वाटतंय. जागा गावठाणाची हाय, कुणाला इचारायचं काम न्हाई.' वरच्या वस्तीतले तात्या उठतात. त्यांना ही जागा मुळीच मान्य नाही. त्यांचं पहिलं वाक्य असं : 'न्हाई, बरोबर हाय तुमचं अण्णा.'

नवशिक्या इथेच वही मिटतो. वाक्याच्या तोंडी 'नाही' आणि पोटात 'बरोबर'! खरं तर या 'नाही'त नकार नसतोच. बोलायची पाळी आपल्याकडे घेतल्याची ती खूण असते. शहरातले प्राध्यापकही 'नाही नाही, अगदी बरोबर' असंच म्हणतात. खरा नकार असतो तो 'तुमचं' या शब्दात. नुसतं 'बरोबर आहे' म्हटलं तर सहमती झाली. 'तुमचं बरोबर आहे' म्हटलं की ते तुमच्यापुरतं बरोबर, आणि मागून 'पण' निघालेलाच आहे. कान तयार झालेला माणूस 'तुमचं' ऐकताच सावरून बसतो. सहमतीचा सर्वांत घातक प्रकार 'तेच म्हणतोय मी' हा. त्याच्यानंतर हमखास उलट मत येतं आणि ते ऐकणाऱ्याच्या नावावर जमा होतं.

तात्यांचं दुसरं वाक्य, 'जागा चांगलीच हाय. फकस्त मी काय म्हणतो, वरच्या वस्तीला पाणी चढंल का?' विरोध आता प्रश्नाच्या रूपात आला. प्रश्नाचा फायदा असा, की समोरच्याला हरल्यासारखं वाटत नाही, उत्तर शोधावं लागतं. पण असा प्रश्न पोकळ असून चालत नाही, त्याच्या पाठीशी हिशोब लागतो. टाकीचा तळ जमिनीपासून 12 मीटर उंच असेल आणि वरची वस्ती देवळापेक्षा 10 मीटर उंचावर असेल, तर त्या वस्तीच्या नळाला उरते फक्त 2 मीटरची उंची. एवढा जोर अर्ध्या किलोमीटरच्या पाइपातल्या घर्षणातच जिरून जातो. म्हणजे खाली हंडे भरून वाहतील आणि वर तोटी नुसती फुसफुसेल. तात्यांनी यातलं एकही वाक्य सभेत उच्चारलेलं नसतं. त्यांनी फक्त 'चढंल का' विचारलं आणि शेजारच्याला हिशोब सांगायला लावला.

मग कोपऱ्यातून एक तरुण उठतो. तो पुण्याला शिकायला आहे आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तो म्हणतो, 'हे साफ चुकीचं आहे. तुम्हाला यातलं काही कळत नाही.'

पुढचा अर्धा तास टाकीचा विषय बंद. 'कुणाचा रं तू?' इथून सुरुवात होते, त्याचे आजोबा किती सालस होते इथे चर्चा पोहोचते आणि शहरात गेल्यावर पोरं कशी बिघडतात यावर, सभेत पहिल्यांदाच, खरोखरचं एकमत होतं. तरुणाची चूक तर्कातली नव्हती, वाक्यातली होती. त्याच्या वाक्यात न कळणारे 'तुम्ही' होते, म्हणजे विषय टाकी सोडून माणसावर गेला होता. तीच गोष्ट माणूस बाजूला ठेवून सांगता येते : 'वरच्या वस्तीला दाब कमी पडेल असं वाटतंय.' यात चुकतो तो दाब, अण्णा नव्हेत. दाबाला राग येत नाही आणि त्याचे आजोबाही गावात नसतात.

क्रियापदाचीही उतरंड लक्षात ठेवावी. 'टाकी टेकाडावर घ्या' हा हुकूम झाला आणि सरपंचाला हुकूम देणारी माणसं गावात मोजकी असतात. 'टेकाडावर घ्यायला हवी' यात आग्रह आहे. 'टेकाडावर घेतली तर?' ही सूचना, आणि तीच सभेत सर्वांत लांब चालते. त्याच्याही पुढे 'टेकाडावर घेतली असती तर बरं झालं असतं' आहे, पण ते टाकी बांधून झाल्यावर पारावर बसून म्हणायचं असतं. मधल्या पातळीचे विद्यार्थी व्याकरण पक्कं करायच्या उत्साहात हे शेवटचं रूप आधीच वापरतात आणि मग सगळे जण त्यांच्याकडे दयेने बघतात.

मागच्या रांगेतून एक काकू बोलतात, 'महिला सभेत बायका म्हणत होत्या, डोक्यावर हंडा घिऊन चढ चढणारी आम्हीच हाव.' गैरहजर माणसाच्या तोंडी मत घालणं ही गावातली जुनी युक्ती. 'लोक काय म्हणतील', 'आमच्या घरात आसं म्हणत होते' ही तिचीच रूपं. पण काकूंची चाल निराळी आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. त्यामुळे त्यांनी 'लोक' म्हणून हवेत बोट दाखवलेलं नाही, नोंद झालेल्या सभेकडे दाखवलं आहे. आवाज तोच मऊ, वजन मात्र पुष्कळ.

सरपंच उत्तर देतात, 'बघू की.'

'बघू' म्हणजे नाही. 'बघतो' म्हणजे कदाचित. 'बघून सांगतो' म्हणजे सांगणार नाहीत, पण भेटल्यावर ओशाळतील. खरा होकार ओळखायचा तर एकच कसोटी, त्याला वार जोडलेला आहे का? नसेल तर तो जोडून घ्यावा, आणि तोही सहमतीच्याच सुरात. तात्या म्हणतात, 'हां, बघायलाच पाहिजे. सोमवारी इंजिनियर साहेब येणार हायत, तवाच दोन्ही जागंची लेव्हल लावून घिऊ.' बघणं सरपंचांचंच राहिलं, फक्त त्याला सोमवार चिकटला. जिल्ह्यातल्या सभ्य मतभेदाचा हा सर्वांत कसबी नमुना मानायला हरकत नाही.

सभेत विरोध करण्याची किंमत इथे जुनी आहे. तेरणेकाठचं तेर हे संत गोरा कुंभारांचं गाव. परंपरेने चालत आलेली कथा अशी, की संतमेळा जमला असताना गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून कोणतं मडकं भाजलंय ते पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेवांनी तक्रार केली आणि कच्चं मडकं ठरले. कथेचं आध्यात्मिक तात्पर्य निराळं आणि मोठं आहे. जिल्ह्यातल्या बैठकांनी मात्र त्यातून सोयीस्कर तेवढंच उचललेलं दिसतं, की थापटणं अध्यक्षांच्या हातात असताना ओरडू नये.

या सगळ्या मार्दवाची एक मर्यादा आहे आणि ती सभा संपल्यावर कळते. 'चढंल का', 'आपलं वाटतंय', 'तुमचं बरोबर हाय' यांतलं काहीही इतिवृत्तात उतरत नाही. तिथे भाषा वेगळी असते : 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' सूचक अमुक, अनुमोदक तमुक. तात्यांचा प्रश्न 'सविस्तर' या एका शब्दात विरघळून गेलेला असतो आणि न बोललेला माणूसही 'सर्व' यात धरला जातो. लिहिणाऱ्यांचा यात दरवेळी डाव असतोच असं नाही. ज्याला नकार म्हणून उच्चारलंच नाही, ते नकार म्हणून लिहायचं कसं, हा त्यांचाही प्रश्न असतो.

म्हणून मऊ बोलणं झाल्यावर, अगदी शेवटी, एक वाक्य प्रमाण मराठीत आणि उभं राहून बोलावं लागतं. त्यात काय मान्य नाही, का नाही आणि त्याऐवजी काय, हे तिन्ही हवं. तात्यांच्या बाबतीत ते असं होईल : 'देवळामागच्या जागेला माझी हरकत आहे, कारण वरच्या वस्तीला पाण्याचा दाब मिळणार नाही, दोन्ही जागांची पातळी मोजल्यावरच ठराव घ्यावा, आणि माझं हे म्हणणं इतिवृत्तात नोंदवावं, ही विनंती.' एवढ्या कडक वाक्याला शेवटी 'विनंती' लावली की ते सभ्य राहतं, आणि ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी 'आमचंही तेच' म्हटलं की ते एकट्याचं राहत नाही. त्यांचीही नावं लिहायला सांगावीत. सभा उठण्यापूर्वी ठराव वाचून दाखवायला सांगण्यात उद्धटपणा काही नाही. 'जरा वाचून दावता का, म्हंजी आमालाबी कळंल' असं म्हटलं तर नकार द्यायला कुणाला तोंड राहत नाही.

नवख्या माणसाने सभेच्या दारातच समोर येणाऱ्या वहीकडेही लक्ष द्यावं. तिच्यावरची सही हजर असल्याची असते, होकाराची नसते. सहीच्या वर काय लिहिलं आहे ते वाचावं आणि तिथे नुसती कोरी जागा असेल तर सभा संपेपर्यंत पेन खिशातच ठेवावं.