रुपयाचा डोनट

फेब्रुवारीच्या दोन तारखेला, केंद्रीय अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी, वर्तमानपत्रात एक रुपया छापून येतो. ‘रुपया येतो कसा’ आणि ‘रुपया जातो कसा’. तो नाण्यासारखा गोल काढतात, मधे भोक पाडतात आणि कडेने रंगीबेरंगी तुकडे करतात. आपला रुपया कसा जातो हे घराघरांत ठाऊक असतं. त्यासाठी रंग लागत नाहीत. सरकारी रुपयाला मात्र लागतात, आणि एकदा का आठ रंग झाले की कुठला रंग कशाचा हे सांगणारी यादी बाजूला येते. मग नाणं बघा, यादी बघा, पुन्हा नाणं बघा. मानेचा व्यायाम तेवढा फुकट होतो.

2025-26 चा येणारा रुपया घ्या. कर्ज 24 पैसे, आयकर 22, जीएसटी 18, कंपनी कर 17, करेतर उत्पन्न 9, अबकारी 5, सीमाशुल्क 4 आणि कर्जाव्यतिरिक्त भांडवली जमा 1. आमची आत्या चष्मा पुसत विचारते, “काय रे, जीएसटी जास्त की कंपन्यांचा कर?” डोनटमध्ये एक पैसा म्हणजे 3.6 अंश. सहा सेंटिमीटर व्यासाच्या नाण्यावर हा फरक कडेने जेमतेम दोन मिलिमीटरचा, तोही वाकडा, आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले. शेवटी आत्या आकडेच वाचते. आकडे वाचूनच कळणार असेल तर चित्र कशाला काढायचं?

तीच सहा सेंटिमीटरची जागा आडव्या पट्ट्यांना द्या. सर्वांत लांब पट्टी कर्जाची, पूर्ण सहा सेंटिमीटर. एक पैसा आता अडीच मिलिमीटरचा झाला. पण खरा फायदा त्या अर्ध्या मिलिमीटरचा नाही. सगळ्या पट्ट्या एकाच रेषेवरून निघतात, म्हणून डोळ्याला फक्त टोकं बघायची असतात. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी 1984 मध्ये प्रयोग करून हेच दाखवलं: सामाईक रेषेवरची जागा माणूस सर्वांत अचूक वाचतो, कोन त्याहून वाईट, क्षेत्रफळ आणखी वाईट. पट्ट्या उतरत्या क्रमाने लावल्या की आत्याच्या प्रश्नाचं उत्तर विचारायच्या आधीच समोर येतं. फक्त रेषा शून्यापासून निघायला हवी. कुणा हौशी माणसाने ती 15 पासून सुरू केली, तर 24 ची पट्टी 18 च्या तिप्पट दिसेल आणि कर्जाच्या नावाने उगाच बोंब होईल.

एक्सेलमध्ये एक गंमत आहे. तक्ता मोठ्याकडून लहानाकडे लावला तरी आडवा बार चार्ट उलटा येतो, पहिली ओळ तळाशी जाते. अक्षावर जाऊन `Categories in reverse order` ला टिचकी मारली की सगळं सरळ होतं.

मग डोनट टाकून द्यावा का? नाही. कर्ज 24 पैसे म्हणजे जवळजवळ काटकोन, म्हणजे जवळजवळ पाव रुपया. हे डोनट क्षणात सांगतो, पट्टीला ते जमत नाही. कर्ज आणि आयकर शेजारी ठेवले की जवळपास अर्धं नाणं भरतं, हेही दिसतं. एकच गोष्ट सांगायची असेल, तीही पाव-अर्ध्याच्या आसपासची, तर दोन-तीन तुकड्यांचा डोनट बरा.

पण गोल काढणारा एक शब्द देऊन बसतो: हे सगळं मिळून पूर्ण. जाणाऱ्या रुपयात व्याज 20 पैसे आहे. त्याच दिवशी कुणी लिहितं की केंद्राच्या खर्चाचा पाव भाग व्याजात जातो. दोघांचं बरोबर आहे! व्याज सुमारे 12.76 लाख कोटी. केंद्राचा खर्च 50.65 लाख कोटी धरला तर पाव होतो. पण नाण्यात राज्यांना जाणारा करांचा वाटाही धरलेला असतो, 22 पैसे, आणि तो 50.65 मध्ये नसतो. त्यामुळे डोनटच्या भोकात मोठ्या अक्षरांत ‘50.65 लाख कोटी’ लिहिलं तर चित्र देखणं होतं आणि हिशेब चुकतो.

डोनट आणि पट्ट्यांखेरीज तिसरा पर्याय ट्रीमॅपचा. त्याचं गोत्र वेगळं. बेन श्नायडरमन यांनी मेरीलँड विद्यापीठात 1990 च्या सुमाराला तो काढला, तो हार्ड डिस्क कोणत्या फायलींनी भरली हे शोधायला. पेटीत पेटी, तिच्यात पेटी. संरक्षण मंत्रालयाची 6.81 लाख कोटींची मोठी पेटी आणि तिच्यात निवृत्तिवेतनाची 1.61 लाख कोटींची लहान पेटी, हे त्याला शोभतं. शेकडो योजना असतील तर पट्ट्यांचं भेंडोळं होईल, तिथे ट्रीमॅपच हवा. मात्र येणाऱ्या रुपयाच्या आठ बाबींचा ट्रीमॅप केलात, तर उभट चौकोन मोठा की पसरट, यावर आत्या आणि काका जेवण होईपर्यंत वाद घालतील.

जाणाऱ्या रुपयाच्या पट्ट्या लावताना आणखी एक पेच पडतो. ‘इतर खर्च’ 8 पैसे आहे. क्रमाने तो संरक्षणाच्या जोडीला बसतो, अनुदानांच्या आणि निवृत्तिवेतनाच्या वर. तरी मी त्याला तळाशी ठेवतो, फिकट करड्या रंगात. क्रम मोडतो खरा, पण ती एक बाब नाहीच, उरलेल्यांचं गाठोडं आहे. आत काय आहे असं आत्याने विचारलंच, तर पेटी उघडून दाखवायला ट्रीमॅप आहे.