छायाचित्रकारास धाडलेली याद

कोपरगाव बेटावरील शुक्राचार्यांच्या मंदिरात विवाहास मुहूर्त पाहावा लागत नाही अशी श्रद्धा आहे. परंतु गावातल्या कार्यालयात 12 वाजून 35 मिनिटांचा मुहूर्त धरणाऱ्या एका वधूपित्याने छायाचित्रकारास मोबाइलवर धाडलेली याद वाचली, म्हणजे हेही कार्य बेटावरच उरकावे असे वाटू लागते. याद 24 समूहांची: ‘थोरले काका सहकुटुंब; थोरले काका, धाकट्यांविना; दोघेही, परंतु जमिनीच्या दाव्याचा विषय न काढता.’ माणसे जमवून, रुसलेल्या आत्याबाईंची मनधरणी करून एकेका समूहास 3 मिनिटे धरली तरी 72 मिनिटे होतात, आणि हाती अर्धा तास. त्यातून मामा 11 समूहांत, आणि वधूला बोहल्यावर आणायचे तेही मामांनीच!

छायाचित्रकार जाणता, त्याने उलट कळवले की, सर्वांत मोठा समूह आधी घ्यावा, मग दूरची मंडळी मोकळी करीत घरच्यांपर्यंत यावे, आणि चेहरे ओळखणारा एक कारभारी हजर ठेवावा. अंतरपाट दूर होण्याचा क्षण यादीत नव्हताच. अक्षता टाकणारे हात त्या घटकेस मोबाइल उंचावून आड येतात, हे जाणून त्याने भटजींच्या मागची जागा मागून घेतली. वधूपित्याचे उत्तर आले: ‘मंजूर. मात्र अंतरपाट धरणारे धाकटे काका वगळून.’