फ्लास्क गढूळ झाल्यावर मॅडमना ईमेल: नवशिक्यांसाठी

विषयाच्या ओळीत ‘अर्जंट’ लिहू नये. घाईत बॅक्टेरियाच तुमच्या पुढे असतात. ‘हेला पेशींचं सबकल्चर: कंटॅमिनेशन, प्रॅक्टिकल पुन्हा करण्याची विनंती’ असं लिहून रोल नंबर टाकावा.

मग कारणं सांगण्याचा मोह आवरावा. लाइट गेली, पार्टनरला सर्दी होती, इन्क्युबेटर जुना आहे. हे सगळं मॅडमनी गेल्या बॅचकडून ऐकलेलं असतं. त्यांना हवं असतं तुम्ही काय पाहिलंत ते. ‘मीडियम पिवळं झालं’ एवढ्यावर भागत नाही. आम्ल वाढलं की मीडियममधलं फिनॉल रेड पिवळं पडतं, आणि पेशी नुसत्या दाट झाल्या तरी आम्ल वाढतंच. पण तेव्हा मीडियम पिवळं असूनही नितळ दिसतं. एका रात्रीत पिवळं आणि गढूळही झालं, मायक्रोस्कोपखाली पेशींच्या मधल्या जागेत बारीक ठिपके वळवळले, तर बॅक्टेरिया समजावेत. धाग्यांचं जाळं दिसलं तर बुरशी. मायकोप्लाझ्मा साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही, त्यामुळे त्याचं नाव घेऊन हुशारी दाखवू नये.

नमुना असा:

‘आदरणीय मॅडम, सोमवारी दुपारी मी हेला पेशींचं सबकल्चर केलं. मंगळवारी सकाळी माझ्या फ्लास्कमधलं मीडियम पिवळं आणि गढूळ होतं, 40एक्सला हलणारे ठिपके दिसले. फोटो जोडला आहे. त्याच बाटलीतलं मीडियम वापरलेले बाकीचे फ्लास्क स्वच्छ आहेत. पेशी न घालता 37 अंशांवर ठेवलेलं थोडं मीडियमही आज नितळ आहे. म्हणजे चूक बहुधा माझ्या हातून झाली. मीडियम घालताना पिपेट फ्लास्कच्या बाहेरच्या कडेला टेकलं होतं, ते मी बदललं नाही. फ्लास्क लगेच बाहेर काढून लॅब असिस्टंट काकांच्या देखरेखीखाली ब्लीच घालून अर्धा तास ठेवला, मग टाकला. प्रॅक्टिकल पुन्हा करण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.’

या पत्राचा जीव आहे पेशी न घातलेल्या त्या मीडियममध्ये. तेही गढुळलं असतं तर दोष बाटलीचा ठरला असता आणि अख्ख्या बॅचला प्रॅक्टिकल पुन्हा करावं लागलं असतं. ही चाचणी न करता ‘मीडियमच खराब होतं’ असं लिहिणारे फार. मॅडम तेव्हा फक्त एवढंच विचारतात, ‘बाकीच्यांचं कसं चाललंय मग?’

झाकण उघडून वास घेतला असेल, तर तो घ्यायला नको होता. आणि पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ओतून दोन दिवस वाट पाहण्याचा बेत मनात असेल, तर तो सोडा. वाढ दबून राहते, संपतेच असं नाही, आणि तो फ्लास्क तोवर इतरांच्या शेजारी बसलेला असतो.

शेवटी ‘उद्या चालेल का?’ असं विचारू नये. द्रव नायट्रोजनमधून नवी व्हायल काढून पेशी प्रॅक्टिकलजोग्या व्हायला साधारण आठवडा तरी जातो.