स्वच्छ प्रत

प्रत्येक सोसायटीत एक भाऊसाहेब असतात. जिल्हा परिषदेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. खुर्ची सुटलेली असते, मसुदा सुटलेला नसतो. लिफ्ट बंद असल्याची चिठ्ठीसुद्धा ते 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरू करतात आणि खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून वॉचमनचं नाव घालतात. वॉचमन ती प्रत नीट घडी घालून ठेवतो, कारण भाऊसाहेबांखेरीज त्याला कुणी प्रत दिलेली नाही.

आमच्या भाऊसाहेबांकडे लोक मजकूर घेऊन येतात आणि पत्र घेऊन जातात. मधल्या काळात मजकुराचं काय होतं, हे गेल्या महिन्यात बंड्याच्या गॅरेजात मला जवळून पाहायला मिळालं. माझ्या स्कूटरचं कार्ब्युरेटर उघडून पडलं होतं, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती.

बंड्याला त्याच्या गणिताच्या बाईंना आभाराचं पत्र पाठवायचं होतं. बाईंचं वय झालेलं, मोबाइल त्या फक्त फोन घ्यायला वापरतात, म्हणून पोस्टानंच पाठवायचं ठरलं. मजकूर त्यानं फोनवर लिहून ठेवला होता. तो असा:

'बाई मी बंड्या ८ वी ब. तुमी मला फळा पुसायला पुढं बोलवायचा आन मग पुढंच बसवून ठेवायचा. लय राग यायचा. मंग तुमी बाबांना बोलवून चष्मा करायला लावला. काल माझ्या पोरीला पन लागला. उणे दीड. ती डोळे बारीक करून टीवी बघत हुती मी लगेच वळखलं. थँक्यू बाई.' पुढे जोडलेल्या हातांची तीन चित्रं.

बंड्या त्या काळी शेवटच्या बाकावर बसायचा. दवाखान्यात डोळे तपासायचा तक्ता ६ मीटरवर, म्हणजे २० फुटांवर असतो, आणि शेवटच्या बाकापासून फळाही साधारण तितकाच लांब. म्हणजे बंड्याची रोज पाच तास नेत्रतपासणी चालू होती आणि रोज तो नापास होत होता. त्याला मात्र वाटे, फळा सगळ्यांनाच असा दिसतो. ज्याला पहिल्यापासून धूसर दिसतं त्याला धूसर म्हणजे काय, हे कळायला दुसरं काही पाहिलेलं लागतं. तो शेजाऱ्याच्या वहीतून गणित उतरवून घ्यायचा आणि कॉपी केली म्हणून मार खायचा. बाईंच्या लक्षात एवढंच आलं की तोंडी गणितं हा पोरगा पटापट सांगतो आणि फळ्यावरची चुकतो, तीही ३ च्या जागी ८ घेऊन. म्हणून त्यांनी त्याला फळा पुसायच्या निमित्तानं पुढं आणलं. चारचौघांत 'तुला दिसत नाही का रे?' असं त्या म्हणाल्या नाहीत.

भाऊसाहेबांनी मजकूर वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "भावना आहे. पत्र नाही."

मग मायना. 'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना, परक्या पण पूज्य माणसाला 'तीर्थस्वरूप'. एवढं बरोबरच होतं. त्यापुढे त्यांनी 'कृ. सा. न. वि. वि.' घातलं. बंड्यानं ते दोनदा वाचून विचारलं, "ही कुठली पासिंग, भाऊसाहेब?" कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष, असं त्याला सविस्तर सांगण्यात आलं. जोडलेल्या हातांच्या तीन चित्रांची तरतूद त्यातच झाली, असंही कळवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी टंकलिखित मसुदा आला. त्यातलं मुख्य वाक्य मला पाठ झालं आहे: 'अज्ञानाच्या अंधकारात चाचपडणाऱ्या माझ्यासारख्या असंख्य विद्यार्थ्यांचे ज्ञानचक्षू उघडून आपण आम्हांस दृष्टी प्रदान केलीत.'

बंड्या खूश झाला. मीही क्षणभर झालो. मग माझ्या ध्यानात आलं की या वाक्यात सगळं आहे, फक्त चष्मा नाही. या बाईंनी एका पोराला खरोखरची, नाकावर बसणारी, दोन काचांची दृष्टी दिली होती, आणि भाऊसाहेबांनी ती ज्ञानचक्षूंत घालून गायब केली. पोरगीही गेली होती. फळा पुसणं 'श्रमप्रतिष्ठेचे संस्कार' झालं होतं. 'लय राग यायचा' हे तर त्यांनी पहिल्याच वाचनात खोडलं, कारण आभारपत्रात तक्रार नको. पण बंड्याला राग येत होता आणि बाईंनी तो सोसला, ही त्या आभाराची अर्धी गोष्ट आहे.

शेवटच्या परिच्छेदात 'आपल्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून न येणारी आहे' असं होतं. बंड्याचा चेहरा पडला. "बाई गेल्या?" असं त्यानं हळूच विचारलं. बाई ठणठणीत होत्या. भाऊसाहेबांकडे निरोप समारंभ आणि श्रद्धांजली यांचा एकच साचा आहे, आणि त्यांच्या मते यात गैर काही नाही, दोन्हीकडे माणूस कार्यमुक्तच होतो. पोकळी मोठ्या मनानं वगळण्यात आली. तरी सगळी क्रियापदं भूतकाळातच राहिली: आपण शिकवत असत, आपण झिजलात. जिवंत माणसाला हे वाचताना हळूच स्वतःची नाडी बघावीशी वाटेल.

खरं तर बंड्याच्या मजकुराला फार थोडं हवं होतं. हजेरीपटात बंड्या नव्हता, तेव्हा पूर्ण नाव आणि आडनाव. मग दहावीचं वर्ष, कारण आठवी ब दरवर्षी असते. 'पुढंच बसवून ठेवायचा' याच्याआधी एक अर्धं वाक्य, की मला मागून दिसत नव्हतं. चार ठिकाणी पूर्णविराम. आणि पोरीचं वाक्य जिथं होतं तिथंच, शेवटी. मी हे भीत भीत सुचवलं. भाऊसाहेबांनी 'नोंद घेतली' असं सांगितलं. खात्यात या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, ते मला ठाऊक होतं.

स्वच्छ प्रत बंड्यानं स्वतःच्या हातानं काढली. अक्षर वळणदार, डाव्या कोपऱ्यात ऑइलचा अंगठा. पण पोरगी त्याच्या मनातून जाईना. म्हणून 'लोभ असावा, ही विनंती' आणि सही झाल्यावर उरलेल्या जागेत त्यानं 'ता. क.' लिहून फोनवरचा सगळा मजकूर जसाच्या तसा उतरवला, 'लय राग यायचा'सकट.

आठ-दहा दिवसांनी बाईंचं कार्ड आलं. ज्ञानचक्षू, अंधकार, श्रमप्रतिष्ठा यांपैकी कशालाही उत्तर नव्हतं. लिहिलं होतं: 'तू कदमांचा का? फळा तू नीट पुसायचा नाहीस, कोपरे राहायचे. मुलीचा नंबर दोन्ही डोळ्यांचा सारखा आहे का? दरवर्षी तपासून घे, या वयात वाढतो. तिला पुढे बसवायला सांग, पण सगळ्यांसमोर नको.'

बंड्या ते कार्ड गिऱ्हाइकांना दाखवत सुटला. भाऊसाहेबांनी मात्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि खेदानं मान हलवली. मूळ पत्रातल्या एकाही मुद्द्याला उत्तर नाही, सगळा पत्रव्यवहार ताज्या कलमावर. असं कार्यालयात चालत नाही.

तरीही विचारणा आली आहे म्हटल्यावर खुलासा करणं भागच होतं. संध्याकाळी ते उत्तराचा मसुदा घेऊन गॅरेजात हजर झाले. विषय: पाल्याच्या चष्म्याच्या क्रमांकाबाबत. संदर्भ: आपले कार्ड. आणि खाली, दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळ्या ओळीत: '-१.५ (अक्षरी उणे दीड फक्त).'