एकसष्टावा मुलगा कितीला पडतो?

नवीन क्लास काढताय? अभिनंदन. गाळा बघितला असेल, फ्लेक्सवर फोटो कुणाचा मोठा यावरून भांडणही झालं असेल. आता एक कॅल्क्युलेटर आणा. बहुतेक क्लासवाले तो तिसऱ्या वर्षी आणतात, सासऱ्यांकडून घेतलेले पैसे बुडाल्यावर. तुम्ही पहिल्याच वर्षी आणलात तर निदान कधी बुडणार ते तारखेनिशी कळेल.

उदाहरणासाठी बार्शीतला एक काल्पनिक क्लास घेऊ. बारावी सायन्स, बोर्ड आणि सीईटी, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स. गाळा साडेसहाशे चौरस फुटांचा. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत एका विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा सांगितली आहे, त्या हिशेबाने इथे साठ मुलं बसतात. फी वर्षाला २५,००० रुपये. का? समोरच्या क्लासची २६,००० आहे म्हणून. फी ठरवण्याची याहून शास्त्रीय पद्धत आजवर कुणी वापरलेली नाही, तुम्हीही नको.

पहिली पायरी म्हणजे पगार लिहून काढणे. तीन सरांचे प्रत्येकी २२,०००, ऑफिसात बसणाऱ्या ताईंचे ११,०००, झाडलोट करणाऱ्या मावशींचे ३,०००. महिन्याचे झाले ८०,०००. इथे नवशिका दहाने गुणतो, कारण मुलं दहा महिने येतात. मुलं दहा महिने येतात हे खरं, पण सर बारा महिने जेवतात. मे महिन्यात बाकं रिकामी असतात आणि पगार मात्र पूर्ण असतो. तो कापलात तर जूनमध्ये सर समोरच्या क्लासच्या फ्लेक्सवर दिसतील. म्हणून बाराने गुणा: ९,६०,०००. त्यात दिवाळीचा अर्धा पगार, ४०,०००. झाले दहा लाख. गाळ्याचं भाडं महिना १५,००० म्हणजे वर्षाचे १,८०,०००, आणि लाइट-पाणी-इंटरनेटचे वीस हजार. सगळे मिळून बारा लाख.

आता थांबा. त्या तीन सरांपैकी केमिस्ट्रीचे सर तुम्ही स्वतःच आहात ना? मग स्वतःचा पगार खोडायची इच्छा होईल. खोडलात तर वर्षाचे पावणेतीन लाख कमी होतील आणि दर मुलामागे साडेचार हजारांनी खर्च उतरल्यासारखा दिसेल. घरी दाखवायला हा आकडा फार चांगला असतो. फक्त एक करा: ज्या दिवशी घसा बसेल आणि केमिस्ट्रीला बाहेरचा माणूस आणावा लागेल, त्या दिवशी तो बिनपगारी मिळतो का ते विचारून बघा. नाही मिळाला तर २२,००० परत लिहा.

या बारा लाखांचा स्वभाव नीट समजून घ्या. वर्गात साठ मुलं बसली तरी ते बारा लाखच, आणि एकटा वॉचमनचा मुलगा बसला तरी बारा लाखच. भाड्यावाल्याला पटसंख्येशी काही देणंघेणं नसतं.

दुसऱ्या पायरीला झेरॉक्सच्या दुकानात जा. इथला खर्च मुलांच्या डोक्यांबरोबर वाढतो आणि घटतो. तीन विषयांच्या नोट्सची एक हजार पानं, आपल्या उदाहरणात पाऊण रुपया पान, म्हणजे ७५० रुपये. तीन बाइंडिंगचे दीडशे. वर्षभरातल्या तीस टेस्ट, प्रत्येकी आठ पानं, त्यांचे १८०. ओएमआर शीट तीस, दोन रुपयांप्रमाणे साठ. आणि क्लासचं नाव छापलेली सॅक, ३६० रुपये. बेरीज १,५००. वर्षभराच्या सगळ्या परीक्षांपेक्षा सॅक महाग पडते, आणि ती पहिल्या पावसातच शिवणीतून उसवते. तरी सॅक ठेवा. पालक टेस्टपेपर मोजत नाहीत, सॅक मोजतात.

झेरॉक्सवाल्याशी पाच पैशांवरून घासाघीस करायची इच्छा होईल. अवश्य करा, तब्येतीला बरी असते. अर्धा तास वाद घालून, मध्ये एक चहा पिऊन, पानामागे पाच पैसे उतरवून आणलेत तर १,२४० पानांवर दर मुलामागे ६२ रुपये वाचतात. साठ मुलांचे ३,७२० झाले. तुम्ही दुकानात असताना साठातला एक मुलगा कंटाळून सोडून गेला असेल, तर बारा लाख आता एकोणसाठांत वाटायचे आणि प्रत्येकाचा वाटा ३३९ रुपयांनी वर गेला. नव्या मालकाचा वेळ मात्र नेहमी झेरॉक्सच्या दुकानातच जातो, कारण त्या खर्चाचं बिल हातात येतं. रिकाम्या बाकाचं बिल कुणी पाठवत नाही.

आता भागाकार. बारा लाख भागिले साठ, वीस हजार. त्यात साहित्याचे दीड हजार. एक मुलगा वर्षाला २१,५०० ला पडला, फी २५,०००, दर डोक्यामागे साडेतीन हजार सुटले, साठांचे दोन लाख दहा हजार. बायकोला सांगा, पण स्कूटरचं बुकिंग करू नका. कारण भाजक चुकलाय.

ताईंची वही मागवा. जूनमध्ये निळ्या शाईने लिहिलेली साठ नावं आहेत, आणि त्यावर लाल पेनाने काय काय केलंय ते वाचा. पहिली तीन नावं आडवी खोडलेली: डेमो लेक्चरला आले, नोट्स आणि सॅक घेऊन गेले, परत आलेच नाहीत. दोन नावांपुढे नुसता एक ठिपका. ताईंना विचारलं तर त्या खाली बघतात. एक गाळामालकाचा मुलगा, दुसरी मॅथ्सच्या सरांची भाची. यांची फी तुम्हीच कधीतरी चहा पिताना माफ केलीय. पाच नावांपुढे ‘१५०००’ आणि मग कोरी जागा: पहिला हप्ता भरला, दिवाळीनंतर दिसले नाहीत. ही पाच म्हणजे फीच्या हिशेबाने पूर्ण तीन. राहिले पन्नास, ज्यांनी पूर्ण फी दिली. म्हणजे साठ नावांच्या वहीत फी देणारे त्रेपन्न.

साहित्य मात्र साठांचं छापलं, कारण झेरॉक्सवाल्याने जूनमध्येच सगळी ऑर्डर एकदम घेतली: नव्वद हजार. एकूण खर्च १२,९०,०००, भागिले त्रेपन्न, म्हणजे सुमारे २४,३४०. जमा झाली १३,२५,०००. दोन लाख दहा हजारांचे उरले पस्तीस हजार. क्लास तोच, सर तेच, निकालही तोच लागला. बदलला तो फक्त खालचा आकडा. भाजक म्हणून जूनची पटसंख्या घेणारा माणूस ओळखायला सोपा असतो: तो फेब्रुवारीत पगाराच्या दिवशी बाहेरगावी असतो.

आणखी एक गंमत. ज्यांनी पूर्ण फी आधी भरली आणि मग मध्येच सोडलं, त्यांची उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असंही त्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. पालकाच्या बाजूने हे रास्तच आहे. पण तुमच्या सरांचा पगार त्या प्रमाणात परत येत नाही, हे फी हातात पडताच खर्च करून टाकणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

किती मुलं आली म्हणजे पाणी नाकाखाली राहील, हेही याच आकड्यांतून निघतं. एका फीतून साहित्य वजा जाता २३,५०० उरतात. बारा लाखांना त्याने भागा, एक्कावन्नाच्या जरा वर येतं. म्हणजे एक्कावन्न मुलांवर बरोबर दीड हजार रुपयांची खोट. एका मुलाच्या सॅक-नोट्स-टेस्टांएवढी. बावन्नावा आला की सुटलात. ही बावन्न म्हणजे पूर्ण फी देणारी बावन्न, वहीतली नव्हे.

ऑगस्टमध्ये एक पालक येतील. चप्पल बाहेर काढून, हात जोडून म्हणतील, “सर, वीस हजारांत घ्या ना पोराला, शेतकरी माणूस आहे.” तुम्ही हा लेख इथपर्यंत वाचलाय, म्हणून मनात म्हणाल, एक मुलगा साडेएकवीस हजारांना पडतो, दीड हजारांचा तोटा कशाला? आणि नकार द्याल. चुकलात. बारा लाख तर जाणारच होते. वर्गात बाक रिकामं असेल तर या पोराने वाढणारा खर्च फक्त दीड हजार आहे, त्याचे साडेअठरा हजार सरळ खिशात. घ्या त्याला.

पण त्या पालकांना शपथ घाला. कारण संध्याकाळपर्यंत ही बातमी कॉलेजच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली की वीस हजार हीच फी होते. सगळ्यांना वीस हजार लावलेत तर खर्च भरून निघायला पासष्ट मुलं लागतात. गाळ्यात साठच बसतात. एका मुलासाठी जो हिशेब सोन्यासारखा बरोबर, तोच साठांना लावला की दुकान बंद.

शेवटची पायरी यशस्वी लोकांसाठी आहे. निकाल चांगला लागला, पुढच्या जूनमध्ये साठ बाकं पूर्ण फी देऊन भरली, आणि एकसष्टावा बाप पंचवीस हजारांच्या नोटा घेऊन दारात उभा राहिला. मागे सांगितलं ते आठवून तुम्ही म्हणाल, दीड हजार खर्च, साडेतेवीस हजार फायदा. पण आता बाक नाही. दुसरी बॅच काढायची म्हणजे तिन्ही सरांना रोज दुसऱ्यांदा तोच धडा शिकवायचा, आणि ते महिन्याला प्रत्येकी पंधरा हजार वाढवून मागतात. वर्षाचे ५,४०,०००. एकसष्टावा मुलगा त्या दिवशी पाच लाख साडेएक्केचाळीस हजारांना पडतो. सत्तर मुलं झाली तरी दर डोई खर्च सव्वीस हजारांवर, फीपेक्षा जास्त. पहिल्या साठांवर जो नफा होता तो परत दिसायला त्र्याऐंशी मुलं लागतात. आणि त्या वाटेवर, एक्याऐंशीव्या मुलाला, वर्षाची जमा वीस लाखांच्या पुढे जाते, जीएसटीची नोंदणी करावी लागते आणि क्लासच्या फीवर अठरा टक्के बसतात. पालक २५,००० च्या वर एक रुपया देत नाहीत म्हटल्यावर त्यातले तुमचे उरतात सुमारे २१,१८६.

तेव्हा एकसष्टाव्या बापाला आत बोलवा, बसवा, चहा द्या. जागा नाही म्हणून मनापासून हळहळा. मग समोरच्या क्लासचा पत्ता लिहून द्या. त्यांनी परवाच दुसरी बॅच उघडलीय, आणि त्यांना अजून बावीस पोरं हवी आहेत.