माजलगावी दोन भाषांत लग्न कसे लावावे

सर्वप्रथम माईक ताब्यात घ्यावा. मुलगी माजलगावची, मुलगा इंग्लंडचा, आणि “पाव्हण्यांना इंग्रजीत जरा समजावून सांगा” ही कामगिरी तुमच्या गळ्यात पडलेली असेल, तर संहिता लिहिणं सोपं आहे, माईक मिळवणं अवघड. आपल्याकडे लग्नाचा माईक मुलीच्या एका चुलत्याचा असतो. साडेबाराचा मुहूर्त दीडपर्यंत रेटायची जबाबदारीही त्याचीच. सरपंच आले, चेअरमन आले, माजी आमदार निघालेत, फेटा आणा. याचं भाषांतर करू नये. पाव्हण्यांनी विचारलंच तर विधी चालू आहे म्हणावं.

संहितेत एका विधीला दोन वाक्यं द्यावीत: आता काय होणार, आणि तुम्ही काय करायचं. पुरुषार्थ, ऋषी, वेद हे जेवणानंतर. मराठी वाक्य आधी, कारण चुलत्याला वाटलं पाहिजे की माईक त्याच्याच माणसांसाठी चाललाय. अंतरपाटाचा नमुना असा: “मुलाच्या आणि मुलीच्या मधे आता अंतरपाट धरतील, तो खाली येईपर्यंत दोघांनी एकमेकांना बघायचं नाही. द कपल मस्ट नॉट पीक. प्लीज स्टँड अप अँड कीप युअर राइस रेडी.” बस. ज्यांनी दोन वर्षं एका घरात संसार केलाय, त्यांनी डोकावू नये असं सांगताना आवाज गंभीर ठेवावा.

मंगलाष्टकांवर मात्र बोलायचं नाही. दोन कडव्यांमधे जागा आहे असा भास होतो, पण ती जागा आत्याने आधीच अडवलेली असते. तिच्याकडे शार्दूलविक्रीडितात ओढूनताणून बसवलेलं स्वतःचं कडवं असतं, त्यात सगळ्या भावांची नावं असतात. ते संपेपर्यंत एकोणीस अक्षरांची ओळ किती लांब असू शकते ते कळतं. तेव्हा जे सांगायचं ते अंतरपाट धरण्याआधी सांगून टाकावं. त्यातलं मुख्य म्हणजे अक्षता. नवखा पाहुणा पहिल्याच ‘सावधान’ला सगळी मूठ फेकतो आणि पुढे रिकाम्या हाताने ओशाळून उभा राहतो. दर वेळी चिमूटभर, आणि बँड वाजला की उरलेल्या सगळ्या, एवढं सांगितलं की काम भागतं. जोरात मारू नयेत हे सांगायची गरज पाव्हण्यांना नसते. ते वाक्य मराठीत, मागच्या रांगेतल्या पोरांसाठी ठेवावं.

‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळालेल्या रामदासांची कथाही याच भागातली, त्यांचं जांब शेजारच्या जालना जिल्ह्यात. गोष्ट फार चांगली आहे. नवरदेवाला लग्न लागल्यावर सांगावी.

लग्न लागलं की मांडव रिकामा होतो. पंगतीची पहिली बारी धरायची तर दुसरा इलाज नाही, यात कुणाचा दोष काढू नये. पण गुरुजींचं निम्मं काम इथून पुढे असतं, आणि ते बघायला उरतात कोटातले आठ-दहा विलायती पाहुणे, मुलीचे आई-बाप आणि दोन म्हाताऱ्या. इथे घाई नसते, चुलताही वाढायला गेलेला असतो, म्हणून संहिता मोकळी सोडावी. लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि ती त्या अग्नीत सोडते. सप्तपदीला तांदळाच्या सात ढिगल्या असतात. प्रत्येक पावलाचं मागणं एका शब्दात सांगावं: अन्न, बळ, संपत्ती, सुख, संतती, सगळे ऋतू, आणि सातव्याला सख्य. पाऊल पडल्यावर सांगावं, आधी नाही. नाहीतर मुलगी ऐकत उभी राहते आणि गुरुजी पुढे निघून जातात. एकदा हे सांगताना मला मागून आवाज आला, “असं असतंय व्हय? आमच्या टायमाला कुणी सांगितलंच नाही.” तेव्हापासून सप्तपदीचं मराठी मी इंग्रजीपेक्षा लांब करतो.

“आता हे कायद्याने पती-पत्नी झाले” असं मात्र चढ्या आवाजात वाचू नये. सातव्या पावलाने विवाह पूर्ण होतो हे 1955च्या हिंदू विवाह कायद्यात आहे, पण तो कायदा दोघंही हिंदू असतील तरच लागतो. मुलगा ख्रिस्ती राहणार असेल तर 1954चा विशेष विवाह कायदा. त्यात दोघांपैकी एकाने जिल्ह्यात तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, नोटीस दिल्यावर पुन्हा तीस दिवस थांबावं लागतं, आणि सही करायला तीन साक्षीदार लागतात. पंधरा दिवसांची रजा काढून आलेल्या नवरदेवाला हे मांडवात कळू नये.

राहिली कानपिळी. मेव्हणा कान पिळणार हे नवरदेवाला आदल्या रात्रीच सांगून ठेवावं, त्याच्या आईला तर नक्कीच. कान सोडायची रक्कमही तेव्हाच ठरवावी, आणि रुपयांत. पौंडाचा भाव पोरांना पाठ असतो.