वर्षाची चकली

'पाहता पाहता वर्ष झालं' असं लिहायचा रिवाज आहे. पाहत बसायला वेळ कुणाला होता? भिलाईतलं आमचं फराळाचं दुकान वर्षाचं झालं, तर भाच्याने पोस्टसाठी मजकूर सुचवला: 'यशाची अखंड वाटचाल'. म्हटलं, जुलैत चकली मऊ पडली, ती कुठे बसवू?

ती का मऊ पडते हे कळेपर्यंत तीन घाणे वाया गेले. आधी भाजणीला दोष दिला, मग मोहन वाढवलं, तर चकली तेलातच विरघळली. खरा दोष घाईचा. कोमट चकल्या पिशवीत भरायचो, वाफेचं पाणी होऊन पिशवीला आतून दव धरायचं. आता पूर्ण गार झाल्यावरच भरतो.

हिशेबातही तीच घाई. किलोमागे साहित्य, तेल, गॅस २१० रुपये, विक्री २८०. सत्तर सुटतात म्हणून खूश होतो. पिशव्या आणि तुटलेला माल यांचे पंचवीस वजा केले, तर पंचेचाळीस उरले. बायकोचे दोन तास त्यातच. म्हणजे ताशी साडेबावीस. हा आकडा तिने पाहिलाय, म्हणून पोस्टमध्ये 'सहचारिणीची साथ' वगैरे लिहिलेलं नाही.

आभार मात्र मानायचेत. रात्रपाळी करून आलेले कारखान्यातले एक गिऱ्हाईक म्हणाले होते, "भैया, ये चकली है कि रबड़?" पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, म्हणून आम्ही आहोत. उधारीवाल्यांचेही आभार. 'पगार झाला की देतो' म्हणतात. पगार झाल्याचं तेवढं कळवत नाहीत.